१८० दिवसांत ९० दिवस: शेंगेन व्हिसावरचे दिवस नेमके कसे मोजायचे?

मुलगी किंवा मुलगा जर्मनीत, नेदरलँड्समध्ये किंवा फ्रान्समध्ये राहतो आणि आई-बाबा वर्षातून दोन-तीन फेऱ्या मारतात, असं चित्र आता पुण्या-मुंबईत नवं राहिलेलं नाही. २०२४ च्या एप्रिलपासून युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नियम थोडे सैल केले. आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नीट वापरलेले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि अनेक वेळा ये-जा करता येईल असा मिळू शकतो. त्यानंतर पाच वर्षांचाही मिळू शकतो. पण लांब मुदतीचा व्हिसा हातात पडला की एक नवी अडचण सुरू होते, ती दिवस मोजण्याची.

व्हिसा दोन वर्षांचा असला तरी त्यावर राहण्याचे दिवस ९० च लिहिलेले असतात. म्हणजे दोन वर्षांत मिळून ९०? की दर सहा महिन्यांना ९०? की प्रत्येक फेरीला ९०? घरोघरी यावर वाद होतात आणि बहुतेक वेळा वाद घालणारे सगळेच चुकीचे असतात.

नियम काय सांगतो?

शेंगेन सीमा संहितेतला नियम असा आहे: कोणत्याही १८० दिवसांच्या काळात ९० पेक्षा जास्त दिवस राहता येणार नाही, आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी त्या दिवसाच्या मागचे १८० दिवस तपासले जातील.

यातला दुसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा. हे १८० दिवस कुठल्याही ठरलेल्या तारखेला सुरू होत नाहीत. जानेवारीत नाही, व्हिसा मिळाल्याच्या दिवशी नाही, पहिल्यांदा विमानातून उतरलात त्या दिवशीही नाही. आज तुम्ही तिथे असाल, तर आजचा दिवस धरून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात तिथे राहिलेले दिवस किती ते पाहायचं. उद्या हीच मोजणी उद्यापासून मागे करायची. म्हणजे १८० दिवसांची ती चौकट रोज एक दिवस पुढे सरकते. पुढच्या टोकाला एक नवा दिवस आत येतो, मागच्या टोकाचा एक जुना दिवस बाहेर पडतो.

१८ ऑक्टोबर २०१३ च्या आधी नियम वेगळा होता. तेव्हा पहिल्या प्रवेशाच्या तारखेपासून सहा महिन्यांचा काळ धरायचा आणि त्यात तीन महिने राहायचं, अशी पद्धत होती. ‘सहा महिने झाले की खातं पुन्हा कोरं होतं’ हा समज त्या काळचा आहे. नियम बदलला, समज मात्र राहिला.

मोजताना आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली, आलेला दिवस आणि निघालेला दिवस असे दोन्ही पूर्ण दिवस म्हणून मोजले जातात, मग तुम्ही रात्री अकराला उतरलेले असा किंवा पहाटे चारला निघालेले. दुसरी, शेंगेनमधले २९ देश या मोजणीसाठी एकच देश आहेत. म्युनिकमधले दहा दिवस आणि पॅरिसमधले पाच दिवस म्हणजे पंधरा दिवस. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटन दोन्हींत नाही. तिसरी, ९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हे. १ जुलै ते ३० सप्टेंबर हे कॅलेंडरवर तीन महिने दिसतात, प्रत्यक्षात ते ९२ दिवस आहेत.

एक बाळंतपण, तीन फेऱ्या

आता एक काल्पनिक पण अगदी रोजच्यासारखं उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका आजींकडे (अजून आजी व्हायच्या आहेत, पण तसंच म्हणू) १ जानेवारी २०२६ पासून दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा आहे. लेक आणि जावई म्युनिकला असतात.

पहिली फेरी १० जानेवारी ते २८ फेब्रुवारी. जानेवारीचे २२ दिवस आणि फेब्रुवारीचे २८, मिळून ५० दिवस. दुसरी फेरी १ ते २० मे, म्हणजे २० दिवस. आतापर्यंत ७० झाले. लेकीच्या बाळंतपणाची तारीख दिली आहे २५ जुलै. आजींना १ जुलैला पोहोचायचं आहे आणि बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत, म्हणजे सप्टेंबर उजाडेपर्यंत राहायचं आहे. जमेल का?

आजी स्वतः सरळ वजाबाकी करतात. ९० वजा ७०, उरले २०. म्हणजे १ जुलैला गेलं तर २० जुलैला परत निघावं लागणार, बाळ येण्याच्या पाच दिवस आधी. जावयाचं म्हणणं वेगळं आहे. पहिला प्रवेश १० जानेवारीला झाला, त्यापासूनचे १८० दिवस ८ जुलैला संपतात, तेव्हा आईंनी ९ जुलैला यावं आणि नवे ९० दिवस, ६ ऑक्टोबरपर्यंत, खुशाल राहावं.

दोघांचीही उत्तरं चुकीची आहेत. आजींच्या हिशोबात त्यांचं नुकसान आहे आणि जावयाच्या हिशोबात कायदा मोडतो.

खरी मोजणी अशी. १ जुलैला उभं राहून मागे १८० दिवस गेलं की ३ जानेवारी येते. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचे ५० आणि मेचे २० असे सगळे ७० दिवस अजून चौकटीत आहेत. १ जुलैचा दिवस धरून आकडा ७१ होतो. रोज एक वाढत ८ जुलैला तो ७८ वर जातो. ८ जुलैला चौकटीचं मागचं टोक बरोबर १० जानेवारीवर आलेलं असतं.

९ जुलैला चौकट सरकते आणि १० जानेवारी बाहेर पडते. आजींचा ९ जुलैचा दिवस आत आला, १० जानेवारीचा बाहेर गेला, आकडा ७८ च राहिला. १० जुलैला ११ जानेवारी बाहेर गेली, आकडा पुन्हा ७८. असं रोज चालतं. थंडीतल्या त्या ५० दिवसांपैकी रोज एक दिवस परत मिळत जातो आणि आजी तो लगेच वापरतात. शेवटचा, २८ फेब्रुवारीचा दिवस परत मिळतो २७ ऑगस्टला. तोपर्यंत आकडा ७८ वरच उभा असतो.

२८ ऑगस्टपासून मात्र परत मिळण्यासारखं काही नसतं, कारण मार्च आणि एप्रिलमध्ये आजी पुण्यातच होत्या. चौकटीतून रिकामे दिवस बाहेर पडू लागतात आणि आकडा पुन्हा रोज एकने चढतो. २८ ऑगस्टला ७९, आणि ८ सप्टेंबरला ९०. तोच शेवटचा कायदेशीर दिवस.

म्हणजे १ जुलै ते ८ सप्टेंबर, एकूण ७० दिवस आजी राहू शकतात. बाळ वेळेवर आलं तर सव्वा महिनाही पार पडतो. पडताळा घ्यायचा तर ८ सप्टेंबरपासून मागे १८० दिवस जा. १३ मार्च येते. त्या चौकटीत मेचे २० आणि या फेरीचे ७०, बरोबर ९०.

जावयाचा सल्ला ऐकून आजी ९ जुलैला आल्या असत्या तरी त्यांना ७० च दिवस मिळाले असते, १६ सप्टेंबरपर्यंत. कारण मेचे २० दिवस तेव्हाही चौकटीतच होते. त्या ६ ऑक्टोबरपर्यंत राहिल्या असत्या, तर आकडा ११० झाला असता. वीस दिवसांचा बेकायदा मुक्काम, तोही मनात काही वाईट नसताना.

वापरलेला दिवस परत कधी मिळतो?

वरच्या हिशोबातून एक सोपं सूत्र निघतं. तिथे घालवलेला कोणताही दिवस बरोबर १८० दिवसांनी परत मिळतो. १० जानेवारीचा दिवस ९ जुलैला, १ मेचा २८ ऑक्टोबरला. पाहायचं ते एवढंच, की आपले जुने दिवस कुठल्या तारखांना परत येणार आहेत आणि त्या तारखांना आपण तिथे आहोत का.

आजींच्या पुढच्या बेतांवरही हे लागू होतं. ८ सप्टेंबरला त्या निघाल्या की २७ ऑक्टोबरपर्यंत त्यांच्या खात्यात शून्य दिवस आहेत. एका दिवसासाठीसुद्धा जाता येणार नाही, व्हिसा २०२७ च्या अखेरपर्यंत चालू असला तरी. २८ ऑक्टोबरपासून मेचे दिवस एकेक करून परत यायला लागतात आणि ते १६ नोव्हेंबरला संपतात. म्हणजे ८ नोव्हेंबरचं लक्ष्मीपूजन नातवंडासोबत करता येईल, पण १६ ला निघावंच लागेल.

ही दिवाळीची फेरी फुकट पडत नाही, हे मात्र आधी कळलेलं बरं. समजा संक्रांतीच्या बोरन्हाणासाठी आजींना १० जानेवारी २०२७ ला परत यायचं आहे. दिवाळीला त्या पुण्यातच राहिल्या असतील तर त्यांना पूर्ण ९० दिवस मिळतात. दिवाळीचे २० दिवस वापरले असतील तर ७० मिळतात, २० मार्चपर्यंत. बोरन्हाण दोन्ही हिशोबांत होतं. फरक पडतो तो त्यानंतर लेकीला नोकरीवर रुजू होताना आई किती दिवस हाताशी राहणार, याचा.

ज्यांना एवढं मोजायचं नाही त्यांच्यासाठी एक जाडंभरडं पण सुरक्षित गणित आहे. सलग ९० दिवस शेंगेनच्या बाहेर राहिलात की पुढचे सलग ९० दिवस नक्की मिळतात, आधी कसेही राहिलेले असा. ८ सप्टेंबरला निघालेल्या आजींसाठी हे ९० दिवस ७ डिसेंबरला पूर्ण होतात आणि ८ डिसेंबरला त्या पूर्ण मुक्कामासाठी येऊ शकतात. याउलट ‘दोन दिवस लंडनला जाऊन या, म्हणजे मीटर शून्यावर येईल’ हा सल्ला सपशेल खोटा आहे. शुक्रवारी म्युनिकहून निघून सोमवारी परत आलात तर शुक्रवार आणि सोमवार दोन्ही शेंगेनमध्ये मोजले जातात. वाचतात फक्त शनिवार आणि रविवार. मागचे दिवस जिथल्या तिथे असतात, आणि ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो तो वेगळाच.

हिशोब ठेवायचा कसा?

दुधाचे खाडे कालनिर्णयवर लिहून ठेवणाऱ्या घराला ही मोजणी अवघड नाही. तिथे असलेल्या प्रत्येक दिवसावर खूण करायची आणि ज्या तारखेला निघायचं आहे तिथून मागे १८० चौकोनांतल्या खुणा मोजायच्या. पण तीन-चार फेऱ्या झाल्या की बोटांवरची मोजणी चुकते, तेव्हा एक्सेल किंवा गूगल शीट्स बरं.

पहिल्या ओळीत मथळे लिहा. ए स्तंभात दुसऱ्या ओळीपासून रोजची एक तारीख, सुरुवात पहिल्या फेरीच्या निदान १८० दिवस आधीपासून. बी स्तंभात त्या दिवशी शेंगेनमध्ये असाल तर १ लिहा, नाहीतर रिकामं सोडा. आल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवसांना १. मग १८१ व्या ओळीत सी स्तंभात हे सूत्र टाका आणि खाली ओढत न्या:

```
=SUM(B2:B181)
```

प्रत्येक तारखेसमोर तिच्यासह मागच्या १८० दिवसांची बेरीज दिसेल. १ लिहिलेल्या एखाद्या दिवसासमोर ९० पेक्षा मोठा आकडा आला की बेत चुकला. नुसत्या दोन तारखांची वजाबाकी करून फेरीचे दिवस काढत असाल तर शेवटी एक मिळवायला विसरू नका. २० मे वजा १ मे म्हणजे संगणकाला १९ दिसतात, सीमेवरच्या अधिकाऱ्याला २०.

सलग मुक्कामात आकडा वाढतो किंवा स्थिर राहतो, कमी कधीच होत नाही. म्हणून प्रत्येक फेरीचा फक्त शेवटचा दिवस तपासला तरी पुरतो. पण तो प्रत्येक फेरीचा तपासायचा. मध्येच एखादी छोटी फेरी घुसवली की ती स्वतः नियमात बसते, आणि पुढच्या, आधीच तिकीट काढून ठेवलेल्या फेरीचा शेवट बेकायदा करून जाते. बहुतेक घोळ इथेच होतात. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर अशा मुक्कामांसाठी मोफत गणकयंत्रही आहे. त्यात झालेल्या फेऱ्या तपासता येतात आणि पुढच्या बेताला किती दिवस उरलेत तेही पाहता येतं. आपलं शीट आणि ते यंत्र यांचं उत्तर जुळतंय का, हे तिकीट काढण्याआधी पाहावं.

व्हिसावरचा आकडा वेगळा असेल तर?

वरचं सगळं गणित ‘९० दिवस’ लिहिलेल्या लांब मुदतीच्या व्हिसाचं आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांना अनेकदा त्याहून कमी दिवस मिळतात. व्हिसाच्या स्टिकरवर ‘ड्युरेशन ऑफ स्टे’ या रकान्यात २० लिहिलं असेल तर २० च दिवस, मग व्हिसाच्या ‘पासून-पर्यंत’ तारखांमध्ये ३५ दिवसांचं अंतर का असेना. ते जास्तीचे दिवस प्रवासाची तारीख मागेपुढे झाली तर सोय म्हणून दिलेले असतात, राहण्यासाठी नाही. आणि ९० दिवस शिल्लक असले तरी व्हिसाची शेवटची तारीख आधी येत असेल, तर त्या तारखेच्या आत बाहेर पडावं लागतं.

काही जणांना हा नियमच लागत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले गोवेकर युरोपीय संघाचे नागरिक आहेत, त्यांच्यासाठी ही मोजणी नाही. विद्यार्थी किंवा नोकरदार म्हणून निवास परवाना किंवा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा असेल, तर त्या देशातले ते दिवस ९० मध्ये धरत नाहीत. म्हणून आजींच्या लेकीला म्युनिकमध्ये दिवस मोजायचे नाहीत. पण जर्मन परवान्यावर ती इटलीत किंवा फ्रान्समध्ये फिरायला गेली, तर त्या देशांसाठी १८० मध्ये ९० ची मर्यादा तिलाही आहे.

एखादा दिवस जास्त झाला तर?

पूर्वी हे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून मोजलं जायचं, आणि शिक्के पुसट असायचे, भलत्याच पानावर असायचे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर ‘प्रवेश-निर्गमन प्रणाली’, म्हणजे ईईएस, टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि १० एप्रिल २०२६ पर्यंत ती सगळीकडे लागू करण्याचं वेळापत्रक होतं. तीत पासपोर्टचा तपशील, चेहऱ्याचा फोटो आणि येण्या-जाण्याच्या तारखा नोंदल्या जातात आणि मुदत संपली की यंत्रणेला ते आपोआप कळतं. ‘बघितलं नाही तर चालून जाईल’ या आशेला आता फारशी जागा नाही.

परिणाम देशागणिक बदलतात. दंड होऊ शकतो, काही काळ प्रवेशबंदी लागू शकते, आणि पुढच्या व्हिसाच्या अर्जावर त्याचं सावट राहतं. मुदत वाढवून मिळण्याची तरतूद आहे, पण ती गंभीर आजारपण किंवा विमानसेवाच बंद पडणं अशा अडचणींसाठी. बाळ आठवडाभर उशिरा आलं, हे कारण त्यात बसेलच असं धरून चालू नये. वाढ हवी असेल तर मुदत संपण्याआधी स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करावा लागतो, नंतर नाही.

म्हणून आजींनी परतीचं तिकीट ८ सप्टेंबरच्या रात्रीचं काढू नये. विमान उशिरा सुटलं आणि पासपोर्ट तपासणी मध्यरात्रीनंतर झाली, तर ती ९ तारीख होते. फ्रँकफर्टला विमान बदलायचं असेल तर आणखी जपायला हवं, कारण शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद म्युनिकला नव्हे, शेवटच्या शेंगेन विमानतळावर होते. ४ किंवा ५ सप्टेंबरचं तिकीट असेल तर तीन-चार दिवस हाताशी राहतात. प्रवेशाची किंवा निघाल्याची नोंद राहून गेली असं नंतर लक्षात आलं, तर आपण वेळेत बाहेर पडलो हे दाखवण्याची जबाबदारी प्रवाशावर येते. त्यामुळे प्रत्येक फेरीचे बोर्डिंग पास आणि तिकिटं निदान व्हिसा संपेपर्यंत जपून ठेवावीत.